ॲपगार पाच आला, आता पुढे काय?

प्रश्न: «नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सराव परीक्षेत आलेला प्रश्न असा: ३८ आठवड्यांचे बाळ, जन्मल्यावर पुसून, चोळून झाले आहे. एका मिनिटाला ठोके ८०, श्वास मध्येच गचका दिल्यासारखा, हातपाय थोडे वाकवलेले, नाकात नळी घातली की तोंड वाकडे करते, अंग गुलाबी पण हातपाय निळे. मी ॲपगार ५ काढला. ४ ते ६ म्हणजे मध्यम, म्हणून ‘चोळत राहा आणि ५ मिनिटांनी पुन्हा ॲपगार बघा’ हे निवडले. उत्तर होते ‘बॅग-मास्कने श्वास द्या’. किती ॲपगारला काय करायचे याचा तक्ता कुठे मिळेल?»

ॲपगार तुम्ही बरोबर काढलात. ठोके, श्वास, ताठरपणा, प्रतिक्रिया आणि रंग या पाचही खणांत शून्य ते दोनपैकी एकेक गुण, बेरीज पाच. गडबड झाली ती त्यानंतर. तुम्हाला हवा आहे तसा तक्ता मी तरी वापरत नाही, कारण पुढची पायरी बेरजेवरून ठरतच नाही. ती दोनच गोष्टींवर ठरते: बाळ स्वतः नीट श्वास घेतंय का, आणि ठोके किती आहेत. या दोन्ही गोष्टी ॲपगारच्या पाच खणांत आहेतच, पण बेरीज केली की त्या इतर तीन खणांत मिसळून जातात आणि पाच या आकड्याकडे बघून काहीच कळत नाही.

पटत नसेल तर तीन बाळं शेजारी शेजारी ठेवून बघा. तिघंही पूर्ण दिवसांची, तिघांनाही पुसून चोळून झालेलं, तिघांचाही एका मिनिटाचा ॲपगार पाच.

पहिलं तुमच्या प्रश्नातलं. ठोके ८०, श्वास गचके दिल्यासारखा, बाकीच्या तीन खणांत एकेक.

दुसऱ्याचे ठोके १२०, म्हणजे दोन गुण. श्वास अजिबात नाही, शून्य. हातपाय थोडे वाकवलेले, एक. नळीला तोंड वाकडं करतं, एक. अंग गुलाबी, हातपाय निळे, एक. पाच.

तिसऱ्याचे ठोके १४०, दोन गुण. रडतंय पण आवाज क्षीण, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, एक. ताठरपणा एक, तोंड वाकडं करणं एक. रंग मात्र सगळा निळसर, ओठ आणि जीभसुद्धा, म्हणून शून्य. पुन्हा पाच.

पहिल्याला आणि दुसऱ्याला बॅग-मास्क लागते, लगेच. पहिल्याला दोन्ही कारणांनी, कारण ठोके १००च्या खाली आहेत आणि गचक्यांना आपण श्वास धरत नाही. दुसऱ्याचे ठोके उत्तम आहेत, तरीही बॅग लावायचीच, कारण श्वास बंद आहे. तिसऱ्याला बॅग नको. ते स्वतः श्वास घेतंय, ठोकेही चांगले आहेत. त्याची मान नीट ठेवायची, तोंडात स्राव असेल तर तो काढायचा, उजव्या हाताला पल्स ऑक्सिमीटर लावायचा, आणि आकडा अपेक्षेपेक्षा कमी असेल तर ऑक्सिजन द्यायचा. श्वासाला फार कष्ट पडत असतील तर सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून सतत हलका दाब ठेवण्याचा विचार करायचा. एकाच बेरजेतून अशी दोन वेगळी उत्तरं निघतात. म्हणून परीक्षेत प्रश्न वाचताना मी विद्यार्थ्यांना बेरीज शेवटी करायला सांगते. आधी श्वास आणि ठोके या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा, पुढची पायरी ठरवा, आणि प्रश्नात गुण विचारले असतील तरच पाच खण भरा.

आता गचक्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तुमची चूक नेमकी तिथे झाली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. ॲपगारमध्ये अनियमित, क्षीण किंवा गचक्यांच्या श्वासाला एक गुण मिळतो. एक गुण मिळाला की मन म्हणतं, ‘थोडा का होईना, श्वास आहे.’ पुनरुज्जीवनाच्या वेळी मात्र गचके आणि बंद श्वास यांना एकच वागणूक मिळते. गुणपत्रिकेत एक असलेली गोष्ट निर्णयाच्या वेळी शून्य धरायची, हा विचित्रपणा एकदा डोक्यात बसला की अर्धे प्रश्न सुटतात.

असं का, ते ऑक्सिजन कमी पडल्यावर बाळाचं शरीर कोणत्या क्रमाने हार मानत जातं त्यात आहे. सुरुवातीला श्वास जोरजोरात होतो, मग थांबतो. ठोके उतरायला लागतात. याला प्रायमरी ॲप्निया म्हणतात. या टप्प्यावर पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली तर बाळ पुन्हा श्वास घेऊ लागतं. कमतरता तशीच राहिली तर गचके सुरू होतात, ते हळूहळू विरळ आणि दुबळे होत जातात, आणि मग श्वास दुसऱ्यांदा थांबतो. हा सेकंडरी ॲप्निया. आता कितीही चोळा, बाळ स्वतःहून श्वास घेणार नाही. आपण फुप्फुसात हवा घालावी लागते. म्हणजे गचके हा ‘श्वास सुरू होतोय’चा टप्पा नसून बरेचदा ‘श्वास संपत आलाय’चा टप्पा असतो. त्यात भर अशी की हा सगळा प्रवास पोटात असतानाच सुरू झालेला असू शकतो, आणि समोर आलेलं शिथिल बाळ पहिल्या टप्प्यावर आहे की दुसऱ्या, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे थोडा वेळ चोळून उपयोग झाला नाही, तर ते दुसऱ्या टप्प्यावर आहे असंच धरून चालायचं. पहिल्या टप्प्यावरच्या बाळाला बॅगचे चार श्वास मिळाले तर त्याचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्या टप्प्यावरच्या बाळाला आणखी एक मिनिट नुसतं चोळलं तर ठोके आणखी खाली जातात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. शिकाऊ असताना एका प्रसूतीत बाळ शिथिल आलं. मी ते पुसलं, चोळलं, टिचकी मारली, पुन्हा पुसलं. टॉवेल बदलून तिसऱ्यांदा पुसत होते आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती, कारण एक मिनिट झालं की ॲपगार लिहायचा होता. शेजारच्या जुन्या सिस्टरांनी माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि बॅग पुढे केली. ‘मॅडम, मार्क नंतर देऊ. आधी बॅग लावा.’ बाळाने पाच-सहा श्वासांनंतर रंग बदलला. त्या दिवशी मी काही चुकीचं केलं असं कुणी बोललं नाही, पण माझी चूक मला कळली होती. मी एका मिनिटाची वाट बघत होते, आणि बॅग मात्र ते मिनिट संपायच्या आत लागायला हवी होती.

घड्याळाचा हा हिशोब नीट लावून घ्या. ॲपगार पहिल्यांदा लिहिला जातो तो एका मिनिटाला. पुनरुज्जीवनातला पहिला मोठा निर्णय त्याच्या आधी घ्यावा लागतो. बाळ बाहेर आलं की तीन प्रश्न: दिवस पूर्ण आहेत का, अंगात ताठरपणा आहे का, रडतंय किंवा श्वास घेतंय का. तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर बाळ आईच्या अंगावर. एकाचंही ‘नाही’ असेल तर उबेत घ्या, पुसा, चोळा, मान सरळ ठेवा, गरज असेल तरच आधी तोंडातला आणि मग नाकातला स्राव काढा. या सगळ्याला साधारण ३० सेकंद. मग पुन्हा श्वास आणि ठोके. श्वास बंद किंवा गचके, किंवा ठोके १००च्या खाली असले तर बॅग-मास्क सुरू, आणि ती जन्मानंतरच्या ६० सेकंदांच्या आत. म्हणजे जो मनुष्य एका मिनिटाचा ॲपगार बघून बॅग लावायची की नाही ते ठरवतो, तो नियमानेच उशीर करतो. आणि ‘पाच मिनिटांनी पुन्हा बघा’ हा तर चार मिनिटांचा उशीर. प्रश्नपत्रिका बनवणाऱ्याने तुमच्यासाठी तो पर्याय मुद्दाम ठेवला होता.

मग ॲपगार हवाच कशाला? व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा हेतू हा की जन्मलेल्या प्रत्येक बाळाकडे कुणीतरी ठरावीक वेळी, ठरावीक पाच गोष्टींसाठी नीट बघावं. आजही तो बाळाची अवस्था आणि आपल्या प्रयत्नांना मिळालेला प्रतिसाद यांची नोंद आहे. पाचव्या मिनिटाला तो ७ पेक्षा कमी असेल तर दर पाच मिनिटांनी, २० मिनिटांपर्यंत लिहीत राहायचं. तो वाचून बाळाची पुढची टीम, बालरोगतज्ज्ञ, पालक यांना काय घडलं ते कळतं. नुसत्या ॲपगारवरून बाळ गुदमरलं होतं असं निदान करायचं नाही आणि पुढे मेंदूचं काय होईल हेही सांगायचं नाही.

गुण देताना विद्यार्थी जिथे घसरतात त्या दोन जागा तेवढ्या सांगते. बाकी तक्ता तुम्हाला पाठ आहे असं दिसतं.

पहिली जागा रंग. अंग गुलाबी आणि हातपाय निळे असतील तर एक, दोन नाहीत. निरोगी बाळांतही पहिल्या काही मिनिटांत हातपाय निळे असतातच, म्हणून एका मिनिटाला पैकीच्या पैकी दहा गुण क्वचित दिसतात, आणि सगळीकडे दहा लिहिलेलं रजिस्टर बघितलं की मला जरा शंकाच येते. रंग हा पाचांतला सर्वांत कच्चा खण आहे. गर्भात ऑक्सिजनचं प्रमाण मुळातच कमी असतं, आणि निरोगी बाळाचंही ते एकदम वर जात नाही. पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के, पाचव्या मिनिटाला ८० ते ८५, दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५ अशी पायरी-पायरीने वाढ अपेक्षित असते. म्हणून एका मिनिटाला निळसर दिसणारं, पण छान रडणारं, ठोके १४० असलेलं बाळ कदाचित अगदी बरोबर चाललेलं असतं. त्वचा गडद असेल तर रंग ओळखणं आणखी कठीण, तेव्हा ओठ आणि जीभ बघायची. ऑक्सिमीटर उजव्या हातालाच का, तर गर्भातली जोडवाहिनी, म्हणजे डक्टस आर्टेरिओसस, महाधमनीला जिथे मिळते त्या जागेआधीच तिथलं रक्त वळतं. मेंदूला आणि हृदयाला जे रक्त मिळतंय तेच तिथे मोजलं जातं.

दुसरी जागा ठोके. नेमके १०० असतील तर गुण दोन, एक फक्त १००च्या खाली. मोजायचे कसे, तर छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून सहा सेकंद मोजा आणि दहाने गुणा. सहा सेकंदांत आठ ठोके म्हणजे ८०. नाळेच्या बुंध्याशी बोटं लावूनही अंदाज घेतात, पण तिथे ठोके आहेत त्यापेक्षा कमी लागू शकतात किंवा लागतच नाहीत, म्हणून ‘नाळेला काही लागत नाही’ एवढ्यावरून ठोके नाहीत असं ठरवायचं नाही. ऑक्सिमीटरला आकडा दाखवायला वेळ लागतो. ईसीजीची पट्टी लावता आली तर ठोक्यांचा आकडा सर्वांत लवकर आणि भरवशाने मिळतो.

आता तुमच्याच प्रश्नातलं बाळ वॉर्मरवर ठेवून पुढे नेऊ. आकडे मी घालते.

जन्मानंतर ३० सेकंद. पुसून झालं, ओला टॉवेल बाजूला टाकला, खांद्याखाली पातळ घडी देऊन मान थोडी मागे, वास घेताना करतो तशी. फार मागे नेली तरी श्वासनलिका दबते, हनुवटी छातीला टेकली तरी दबते. चोळून गचकेच दिसताहेत. सहा सेकंदांत आठ ठोके, म्हणजे ८०. साधारण ४० ते ४५ सेकंदांना बॅग-मास्क सुरू. पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेने, म्हणजे २१ टक्क्यांनी सुरुवात. दाब २० ते २५ सेंटिमीटर पाणी, वेग मिनिटाला ४० ते ६०. दाबताना ‘श्वास’, मग ‘दोन, तीन’ असं मोठ्याने म्हणत गेलं की वेग आपोआप बसतो. तोपर्यंत एक मिनिट होतं आणि घड्याळ बघणारी दुसरी व्यक्ती ॲपगार सांगते: पाच. माझे हात बॅगवर असतात आणि मला त्या आकड्याने काही फरक पडत नाही.

पंधरा सेकंद श्वास देऊन झाले. पुन्हा ठोके: सहा सेकंदांत सात. म्हणजे ७०, कमीच झाले. इथे खूप जण पुढची पायरी म्हणून छातीवर दाब किंवा इंजेक्शन शोधायला लागतात. ते नाही. आधी बघा, छाती हलतेय का. या बाळाची हलत नाहीये. म्हणजे मी बॅग दाबतेय पण हवा आत जात नाहीये, मास्कच्या कडेने निसटतेय. ठोके न वाढण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. मास्क उचलून पुन्हा बसवला, हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक आत, डोळे बाहेर. मान पुन्हा जुळवली. दोन-तीन श्वास देऊन पाहिलं, छाती हलली नाही. तोंड आणि नाक स्वच्छ केलं, तोंड किंचित उघडं राहील असं धरलं. पुन्हा दोन-तीन श्वास. अजून नाही. आता दाब पाच-पाचने वाढवत ३०पर्यंत नेला आणि छाती वर आली. जास्तीत जास्त ४०पर्यंत जाता येतं. त्यानेही झालं नसतं तर नळी किंवा लॅरिंजियल मास्क घालावा लागला असता. हा क्रम पाठ असायला हवा. बॅगने असे श्वास देण्याला पीपीव्ही म्हणतात, आणि परीक्षेत ‘पीपीव्ही चालू आहे, ठोके वाढत नाहीत, छाती हलत नाही, पुढची पायरी?’ याचं उत्तर जवळजवळ नेहमी मास्क आणि मान यांच्यापाशी असतं.

छाती हलायला लागली तिथून ३० सेकंदांची नवी मोजणी सुरू. आधीचे सेकंद धरायचे नाहीत, कारण त्यात हवा आत गेलेलीच नव्हती. हे ३० सेकंद संपले तेव्हा ठोके ११०, बाळाने एक-दोन स्वतःचे श्वास घेतले. ठोके वाढणं हीच बॅग नीट काम करत असल्याची सर्वांत भरवशाची खूण, रंगाआधी ती दिसते. मग वेग हळूहळू कमी करत, बाळाचे श्वास नियमित होतील तसं बॅग काढली. पाचव्या मिनिटाला: ठोके १४०, दोन. श्वास आहे पण अजून थोडा अनियमित, एक. हालचाल चांगली, दोन. नाक चाळवल्यावर शिंकलं, दोन. हातपाय अजून निळे, एक. आठ. असं बाळ आईकडे गेलं तरी पुढचे काही तास त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं, कारण त्याला बॅग लागली होती, आणि ही गोष्ट आठ या आकड्यात दिसत नाही. म्हणूनच मी रजिस्टरमध्ये ॲपगारच्या शेजारी ‘पीपीव्ही इतके सेकंद’ असं लिहिते. बॅगवर असलेल्या बाळाला श्वासाचे गुण कसे द्यायचे यावर सगळीकडे एकमत नाही. मी बाळाचा स्वतःचा प्रयत्न जेवढा दिसतो तेवढेच गुण देते आणि शेजारी मदत लिहिते.

आता ६०ची रेघ. छाती हलेल असे ३० सेकंद श्वास देऊन ठोके ६० ते ९९ असतील तर बॅग चालूच ठेवायची, मास्क-मान पुन्हा तपासायचे, ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या आकड्याप्रमाणे जुळवायचा. ठोके ६०च्या खाली राहिले तर श्वासनलिकेत नळी घालायची आणि छातीवर दाब सुरू करायचा: तीन दाब आणि एक श्वास, मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास, ऑक्सिजन आता १०० टक्के. दाब सुरू झाल्यावर ठोके बघायला ६० सेकंद थांबायचं. तरीही ६०च्या खाली असतील तर ॲड्रिनलिन, शक्यतो नाळेच्या शिरेतून.

इथला सापळा असा असतो: ‘जन्मल्यावर पुसून-चोळून झाले, श्वास नाही, ठोके ४०, पुढची पायरी?’ ४० वाचून हात छातीकडे जातो. उत्तर बॅग-मास्कच. छातीवर दाब ही पायरी ‘ठोके ६०च्या खाली’ असल्याने येत नाही, ‘३० सेकंद नीट हवा आत जाऊनही ६०च्या खाली’ असल्याने येते. नवजात बाळाचं हृदय बहुधा मुळात आजारी नसतं, ते ऑक्सिजनवाचून मंदावलेलं असतं. फुप्फुसात पाणी भरलेलं आहे तोपर्यंत छाती दाबून आपण ऑक्सिजन नसलेलंच रक्त फिरवत बसतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगायला हव्यात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर ॲपगार कमी येणं त्याच्या वयामुळेही असू शकतं. ताठरपणा, प्रतिक्रिया आणि श्वास तिन्ही अपरिपक्व असतात. श्वास आणि ठोके यांचा नियम मात्र तोच राहतो. ऑक्सिजनचं सुरुवातीचं प्रमाण वेगळं असतं आणि उबेची काळजी जास्त. दुसरं, तुमची परीक्षा कोणत्या पुस्तकाप्रमाणे आहे ते विचारून घ्या. मी वर लिहिलं ते एनआरपी या नवजात पुनरुज्जीवनाच्या अमेरिकन कार्यक्रमाच्या पद्धतीने. युनायटेड किंगडमच्या पद्धतीत सुरुवातीला पाच लांब श्वास देतात, आणि वेग, दाब, नाळ कापण्याची वेळ यांचे आकडे आवृत्तीगणिक थोडे बदलतात. ‘श्वास नाही, तर हवा द्या’ हे मात्र दोन्हीकडे एकच.

जुन्या प्रश्नसंचांतून सराव करत असाल तर एक उत्तर हमखास चुकीचं सापडेल. बाळ मेकोनियममध्ये, म्हणजे पोटात असतानाच केलेल्या पहिल्या शीमध्ये माखलेलं, शिथिल, श्वास नाही, आणि उत्तर ‘लॅरिंजोस्कोपने बघून श्वासनलिकेतून मेकोनियम ओढून काढा’. आम्ही तेच करायचो. २०१५च्या मार्गदर्शनापासून हे नेहमीचं काम म्हणून करायचं नाही. पुसा, चोळा, मान नीट करा, आणि श्वास नाही किंवा ठोके १००च्या खाली असले तर त्या बाळालाही एका मिनिटाच्या आत बॅग लावा. श्वासनलिका खरोखर तुंबली आहे, बॅग दाबूनही छाती हलत नाही, असं दिसलं तरच ओढून काढायचं.